कपडे धुताना आणि टायर झिजताना सुटणारं प्लॅस्टिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायर गुळगुळीत होतो, तेव्हा त्याची नक्षी जाते कुठे?

रस्त्यावर. टायर बदलायला गेलो की जुन्या आणि नव्या टायरमधला फरक आपल्याला हाताला कळतो, पण मधल्या तीन-चार वर्षांत ते रबर कणाकणाने कुठे पडत गेलं हे कधी दिसत नाही. डांबरावर घासून निघालेला कण साधारण शेवयाच्या तुकड्यासारखा लांबट असतो आणि त्याला रस्त्याची खडी, धूळ चिकटलेली असते. त्यामुळे तो पाण्यापेक्षा जड होतो. बारीकातले बारीक कण थोडा वेळ हवेत राहतात. बाकीचे रस्त्याच्या कडेच्या मातीत बसतात, किंवा पावसाच्या पाण्याबरोबर गटारात, नाल्यात आणि नदीच्या गाळात जाऊन बसतात.

टायर म्हणजे झाडाचा चीक असं अनेकांना वाटतं. त्यात नैसर्गिक रबर असतंच, पण कारच्या टायरमध्ये खनिज तेलापासून केलेलं कृत्रिम रबरही मोठ्या प्रमाणात असतं. शिवाय काजळी, गंधक, झिंक ऑक्साइड आणि रबर लवकर तडकू नये म्हणून घातलेली रसायनं. म्हणून शास्त्रज्ञ टायरच्या भुकटीची गणना मायक्रोप्लॅस्टिकमध्ये, म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकमध्ये करतात.

आणि कपड्यांतून नेमकं काय सुटतं?

तंतू. पॉलिएस्टर, नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिक ही तिन्ही प्लॅस्टिकच आहेत, फक्त त्यांचं सूत काढलेलं असतं. धुताना कपडे एकमेकांवर घासतात, सूत पिंजतं आणि सुटी टोकं तुटून पाण्यात जातात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ साली ६ किलोच्या धुण्याचा अंदाज मांडला. अ‍ॅक्रिलिक कपड्यांतून एका धुण्यात ७ लाखांहून जास्त तंतू सुटतात, पॉलिएस्टरमधून सुमारे ५ लाख, आणि पॉलिएस्टर-सुती मिश्रणातून सुमारे १ लाख ३८ हजार. हे तंतू काही मिलिमीटर लांब आणि केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, म्हणून बादलीतल्या पाण्यात ते दिसत नाहीत.

सगळं सिंथेटिक सारखं झडत नाही. अखंड धाग्याची गुळगुळीत पॉलिएस्टर साडी किंवा विंडचीटर कमी झडतं. आखूड तंतू पिळून केलेल्या सुताचं कापड जास्त झडतं. ज्याला वरून मुद्दाम लव काढलेली असते, ते फ्लीसचं जॅकेट, मऊ ब्लँकेट, अ‍ॅक्रिलिक स्वेटर हे सगळ्यांत वाईट. तळहाताने उलटसुलट घासून पाहा. लव हाताला लागत असेल तर ते कापड झडणारं आहे.

आमच्या एका घरातून वर्षाला किती जातं?

हिशोब मांडून पाहू. समजा, पुण्यात चौघांचं घर आहे. मशीन आठवड्यातून चार वेळा लागतं. सहा किलोच्या धुण्यात दोन किलो कपडे सिंथेटिक आहेत: मुलांचे गणवेश, ट्रॅकपँट, लेगिंग, ओढण्या.

इटलीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मोजलं तेव्हा एक किलो सिंथेटिक कपड्यांमागे १२४ ते ३०८ मिलिग्रॅम तंतू निघाले. दोन किलोंचे झाले पाव ते सहा दशांश ग्रॅम. वर्षाच्या २०८ धुण्यांना गुणलं की ५० ते १३० ग्रॅम होतात. नव्या कपड्यांतून पहिल्या काही धुण्यांत जास्त तंतू सुटतात, त्यामुळे जुन्या कपड्यांच्या घरात हा आकडा खालच्या टोकाकडे असेल.

आता दारातली छोटी चारचाकी. टायरचा घेर सुमारे १.८३ मीटर, रस्त्याला टेकणारी रुंदी सुमारे १४ सेंटिमीटर. नवी नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटर उरल्यावर टायर बदलावा लागतो, म्हणजे ६.४ मिलिमीटर रबर झिजतं. नक्षीच्या खाचांसाठी तीस टक्के वजा केले तरी एका टायरमागे सव्वा किलोहून थोडं जास्त रबर जातं. चार टायरचे झाले पाच किलोंच्या वर. हे टायर ४०,००० किलोमीटर चालले, तर दर हजार किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम. जर्मनीच्या एडीएसी या मोटारचालक संघटनेने २०२१ मध्ये सरासरी सुमारे १२० ग्रॅम दिली होती, म्हणजे आपला कागदावरचा हिशोब फार चुकलेला नाही.

गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरली तर जवळपास एक किलो. कपड्यांचे ५० ते १३० ग्रॅम आणि टायरचा एक किलो! माझ्या मते या विषयातली सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे. आपण वॉशिंग मशीनची चर्चा करतो आणि टायरमधली हवा महिनोन्‌महिने पाहत नाही.

पण समुद्रात कपड्यांचे तंतू जास्त जातात, असं वाचलं होतं. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१७ च्या अहवालात समुद्रात थेट बारीक रूपात पोचणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ३५ टक्के कपडे धुण्यातून आणि २८ टक्के टायरमधून, असा अंदाज होता. तो समुद्रापर्यंत पोचलेल्या वाट्याचा हिशोब आहे. तंतू थेट सांडपाण्यात जन्माला येतात आणि हलके असल्याने लांब जातात. टायरचा जड कण बराचसा वाटेतच, शेतात, ओढ्यात, तळ्यात थांबतो. समुद्रात गेला नाही म्हणून तो नाहीसा झाला असं नव्हे. तो आपल्या गावातच राहिला.

मशीन कोणत्या सेटिंगवर लावावं?

इथे बहुतेकांचा अंदाज उलटा ठरतो. नाजूक कपड्यांसाठी असलेला ‘डेलिकेट’ प्रोग्राम तंतूही कमी सोडत असेल, असं वाटतं. न्यूकॅसल विद्यापीठाने २०१९ मध्ये तपासलं तेव्हा डेलिकेटवर साध्या प्रोग्रामपेक्षा एका धुण्यात सुमारे ८ लाख तंतू जास्त निघाले. कारण आहे पाणी. डेलिकेटमध्ये मशीन पाणी भरपूर घेतं, आणि कपड्यांच्या मानाने पाणी जितकं जास्त तितका तंतू ओढून काढणारा प्रवाह जोरदार. ड्रम किती जोराने फिरतो, याचा परिणाम त्यापेक्षा कमी ठरला.

यातून निघणारी कृती सोपी आहे. दोन-चार कपड्यांसाठी मशीन लावू नका, भरेल तेव्हाच लावा. टॉपलोडमध्ये पाण्याची पातळी हाताने निवडता येत असेल तर उगाच ‘हाय’ ठेवू नका. भरलेलं म्हणजे कोंबलेलं नव्हे. फ्रंटलोडच्या ड्रममध्ये कपड्यांच्या वर हात सहज घालता आला पाहिजे, नाहीतर मळ निघणार नाही आणि तेच कपडे पुन्हा धुवावे लागतील.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. लीड्स विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगात ४० अंशांवर ८५ मिनिटं धुण्याऐवजी २५ अंशांवर ३० मिनिटं धुतल्यावर सुटणारे तंतू निम्म्यापर्यंत कमी झाले. आपल्याकडे बरेच जण गार पाण्यातच धुतात, तेव्हा आपल्या हातात उरते ती वेळ. ऑफिसला जाऊन आलेल्या, फक्त घामेजलेल्या कपड्यांना अर्ध्या तासाचा ‘क्विक’ प्रोग्राम पुरतो. लांबलचक प्रोग्राम चिखलात खेळून आलेल्या गणवेशासाठी ठेवा.

जीन्स आणि फ्लीस एकत्र टाकू नका. जाड, खरबरीत कापड मऊ लवेवर कानसेसारखं घासतं. आणि स्वेटर, ब्लँकेट तर मुळात कमी वेळा धुवा. थंडीचा स्वेटर आतल्या सदऱ्यावर घातला जातो, त्याला दोरीवर वारा दिला तरी बरेचदा भागतं.

हाताने धुतलं तर कमी झडतं का?

हो, बरंच कमी. चीनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये शंभर टक्के पॉलिएस्टरचं कापड दोन्ही पद्धतींनी धुऊन पाहिलं. हाताने धुताना सरासरी १,८५३ तुकडे सुटले आणि मशीनमध्ये २३,७२३. मात्र धुण्याच्या खरखरीत फळीवर घासलं की हातधुण्यातलेही तंतू वाढले. म्हणजे आपल्याकडे जे ब्रशने खसाखसा घासणं आणि दगडावर आपटणं चालतं, ते सिंथेटिक कपड्यांसाठी टाळावं. भिजत घालून, चुबकून, कॉलर-बाह्यांना तेवढा साबण चोळून ओढणी किंवा लेगिंग सहज निघते.

घरात धुणं कोण धुतं हे मला ठाऊक आहे, आणि मशीनने त्या बाईच्या कमरेचा त्रास वाचवला आहे. सगळं धुणं पुन्हा हातावर आणा असं मी म्हणणार नाही. लवेचे दोन-चार कपडे हाताने, बाकी मशीनला, एवढं बास.

मशीनच्या जाळीत तंतू अडकतात ना?

काही अडकतात. टॉपलोड मशीनच्या आत बाजूला जी जाळीची छोटी पिशवी असते, ती मुख्यतः सुती केर आणि मोठे पुंजके पकडते. तिची भोकं सुट्या तंतूच्या मानाने फार मोठी असतात. तरी पिशवीत थर साचला की तोच थर गाळणीचं काम करू लागतो, म्हणून फाटलेली पिशवी लगेच बदला. सुटे भाग विकणाऱ्यांकडे ती मिळते. फ्रंटलोडच्या खालच्या झाकणामागे जो फिल्टर असतो, तो नाणी आणि बटणं पंपात जाऊ नयेत म्हणून असतो. तंतूंशी त्याचा फारसा संबंध नाही.

खरा फरक पडतो तो पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपवर बसवायच्या वेगळ्या फिल्टरने. कॅनडातल्या २०१९ च्या चाचणीत असा एक फिल्टर ८७ टक्के तंतू अडवत होता, तर तंतू पकडण्यासाठी कपड्यांबरोबर ड्रममध्ये टाकायचा चेंडू फक्त २६ टक्के. बारीक विणीच्या पिशवीत कपडे घालून धुण्याने प्लिमथच्या चाचणीत निम्म्याच्या आसपास घट दिसली.

‘एकट्याने बसवून काय होणार?’ असं विचारणाऱ्यांना मी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या पॅरी साउंड या छोट्या गावाचं उदाहरण देते. तिथे ९७ घरांत असे फिल्टर बसवले, म्हणजे गावातल्या दहातल्या एका घरात. त्यानंतर गावाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले तंतू सरासरी ४१ टक्क्यांनी घटलेले आढळले. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात २०२५ पासून नव्या मशीनना फिल्टरची अट घातली. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नाकारलं. आपल्याकडे सोसायटीचं सामायिक धुणीघर, हॉस्टेल, लाँड्री अशा जागा फिल्टरसाठी सर्वांत योग्य आहेत. मशीन थोडी, धुणं भरपूर, आणि फिल्टर साफ करायला नेमलेला माणूस.

जाळीतला केर कुठे टाकायचा?

नळाखाली जाळी धुवायची नाही. आमच्याही घरी ती वर्षानुवर्षं बेसिनमध्येच धुतली जायची. म्हणजे जे मशीनने अडवलं, ते आपणच गटारात सोडत होतो.

जाळी तशीच अर्धा दिवस वाळू द्या. वाळलेला केर नमद्यासारखा एका तुकड्यात सुटतो. तो चिमटीने काढून कागदाच्या पुडीत बांधा आणि सुक्या कचऱ्यात टाका. झटकू नका, नाहीतर तेच तंतू घराच्या हवेत येतात. जाळू तर मुळीच नका, आणि झाडांच्या कुंडीतही घालू नका. सांडपाणी केंद्र बहुतेक तंतू अडवतं हे खरं, पण ते नष्ट होत नाहीत, केंद्राच्या गाळात साठतात. तो गाळ खत म्हणून शेतात गेला की तंतूही शेतात जातात. आणि जिथे सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदीत जातं, तिथे एवढंही होत नाही.

सुती कपडे घेतले की प्रश्न सुटतो का?

सुतीही झडतं, कधी कधी पॉलिएस्टरपेक्षा जास्त. फरक पुढचा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या प्रयोगात २४३ दिवसांत सुती तंतूंचं सुमारे ७६ टक्के विघटन झालं, पॉलिएस्टरचं चारच टक्के. चांगलं असलेलं सिंथेटिक टाकून सुती आणायची मात्र गरज नाही. जुना, बऱ्याचदा धुतलेला टीशर्ट आता कमी झडतो. तो विरेपर्यंत वापरणं नवा आणण्यापेक्षा बरं.

टायरसाठी तर फिल्टर नाही. मग करायचं काय?

हवा. यात पैसे जवळजवळ लागत नाहीत.

हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा रस्त्यावर जास्त दाबल्या जातात आणि टायर प्रत्येक फेऱ्यात चेपत, घसटत जातो. हवा जास्त झाली की मधलाच पट्टा घासतो. योग्य आकडा टायरच्या अंगावर लिहिलेला नसतो. तिथे असतो तो टायर सोसू शकेल असा कमाल दाब. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो, पुढच्या-मागच्या चाकांसाठी वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी आणखी वेगळा. पंपावर विचारतात, ‘किती भरू, ताई?’ आणि आपण सवयीने ‘तीस-बत्तीस’ म्हणतो. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मोजायची ती टायर गार असताना, म्हणजे गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना. चालून तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. आपण तो आकडा बघून हवा सोडली की गार झाल्यावर टायर मऊ पडतो. ही चूक उन्हाळ्यात हमखास होते. उलट थंडीत पाच-सहा अंशांच्या उतारामागे साधारण एक पीएसआय कमी होतो. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे कमीच भरते. टायर स्वतःही महिन्याला एखादा पीएसआय गमावतो, म्हणून महिन्यातून एकदा पाहणं पुरेसं.

टायर नको तितका झिजतोय, हे कसं ओळखायचं?

त्याच्यावर तळहात फिरवून. आधी तारा किंवा खिळे बाहेर आलेले नाहीत ना, एवढं बघा. दोन्ही कडा झिजलेल्या असतील तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजलेला असेल तर जास्त होती. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल, किंवा एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट्या दिशेने करवतीच्या दातासारखा अडतो, तर चाकांची ठेवण, म्हणजे अलाइनमेंट बिघडली आहे. अशी गाडी दर मीटरला किंचित आडवी घसटत चाललेली असते. खड्ड्यात जोरात आदळल्यावर, किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंट तपासून घ्या. आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून मग वाकून पाहा.

बाकी उरतं ते चालवणं. सिग्नल सुटताच झेप, पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक, आणि वळणावर वेग: टायर याच तीन वेळी सर्वांत जास्त घासतो. दूरवर लाल दिवा दिसताच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी त्या थांब्यावरची झीज खूप वाचते.

इलेक्ट्रिक गाडीने हे सुटेल?

टायरचं नाही. बॅटरीमुळे गाडी जड होते आणि मोटारचा जोर तत्क्षणी चाकावर येतो. धूर जातो, ब्रेकची भुकटीही कमी होते, पण टायर हळुवार पायानेच वाचतो.

नवे टायर घेताना काय पाहावं?

काही टायरच्या अंगावर ‘ट्रेडवेअर’ आणि पुढे एक अंक उठवलेला असतो. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मोठा अंक म्हणजे सावकाश झिजणारा. वेगवेगळ्या कंपन्यांचे अंक ताडून पाहण्यात फार अर्थ नाही, कारण ते कंपन्या स्वतःच ठरवतात. गरजेपेक्षा रुंद टायर बसवू नका. आणि जास्त टिकतो म्हणून ओल्या रस्त्यावर न धरणारा टायर घेऊ नका, जीव पहिला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या वाहन-प्रदूषणाच्या ‘युरो ७’ नियमांत टायरच्या झिजेवर प्रथमच मर्यादा आणली आहे.

पहिल्या पावसाचं पाणी घातक असतं, ते याच्यामुळेच का?

उन्हाळाभर साचलेलं तेल, धूळ आणि रबर पहिल्या सरीत एकदम वाहून जातं. ते किती विषारी ठरू शकतं, हे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर दिसलं. सिअ‍ॅटल-टॅकोमा भागात कोहो जातीचे सॅमन मासे पावसाळ्यात अंडी घालायला ओढ्यांत चढायचे आणि अंडी घालण्याआधीच काही तासांत मरायचे. त्याचं कारण २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं. टायर तडकू नये म्हणून घातलेलं ६-पीपीडी नावाचं रसायन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून ६-पीपीडी-क्विनोन बनतं आणि तेच त्या माशांना मारत होतं. चम हा त्यांचाच भाऊबंद मासा मात्र त्याच पाण्यात तग धरतो.

त्याच भागातल्या प्रयोगांत असंही दिसलं की तेच विषारी पाणी वाळू आणि कंपोस्ट यांच्या थरातून मुरवून सोडलं, की कोहो जगतात. प्रमाण होतं साठ टक्के वाळू, चाळीस टक्के कंपोस्ट.

आमच्या सोसायटीत हे कसं करता येईल?

पार्किंगचं पाणी जिथून गटारात जातं, त्या तोंडाशी दोन फूट खोल चर घ्या, वरच्या प्रमाणात वाळू-कंपोस्ट भरा आणि त्यात वाळा किंवा कर्दळ लावा. चराची कड फरशीपेक्षा खाली हवी, नाहीतर पाणी बाजूने वळसा घालून जातं. सर ओसरल्यावर एक दिवसाहून जास्त पाणी साचून राहिलं तर वर बारीक गाळाचा पापुद्रा धरला आहे असं समजा आणि तो इंचभर थर खरवडून काढा.

मे महिन्यात गटारं उपसली की तो काळा गाळ कडेलाच ढीग करून ठेवतात आणि जूनच्या पहिल्या सरीत तो परत आत जातो. वर्षभराचं रबर त्याच ढिगात असतं. कंत्राटदाराला काम देतानाच गाळ त्याच दिवशी उचलून नेण्याची अट कागदावर घाला, आणि बिल त्या उचललेल्या गाडीची पावती पाहून द्या.